सगळेच निघालेत, तर निरोपाचा मेल कुणाला?

*पणजीत एका सरकारी कार्यालयाच्या जुन्या नोंदबुकांचं स्कॅनिंग करणाऱ्या टीमची मी कोऑर्डिनेटर आहे. आम्ही सोळा जण, सगळे एका एजन्सीतर्फे कंत्राटावर. ३० एप्रिलला काम संपतंय आणि त्याच दिवशी सगळे पांगणार. कुणी सावंतवाडीला, कुणी बेळगावला, एक जण कुवेतला. दोघांना ऑफिसने ठेवून घेतलंय. निरोपाचा मेल मी लिहावा असं सगळ्यांनी ठरवलं. मी लिहिलं, 'हा प्रवास अविस्मरणीय होता, सर्वांचे मनःपूर्वक आभार, संपर्कात राहूया.' पुढे अडलंय. थकलेल्या पैशांचंही त्यातच लिही, असं काही जण म्हणतात. कुणाला, कधी आणि काय पाठवू?*
*— कोऑर्डिनेटर, पणजी*

३० तारखेला पाठवू नका. २७ला पाठवा. मजकुराचं नंतर बोलू, आधी तारीख पक्की करा.

असं का म्हणतो ते सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी पर्वरीला एका मोजणीच्या प्रोजेक्टवर कंत्राटी होतो. आम्ही बावीस जण. शेवटच्या दिवशी दुपारी जेवणं झाली, गटाने फोटो काढले, आणि मी निवांत बसून मेल लिहायला घेतला. चांगला लिहिला होता, आजही तसं वाटतं. साडेपाचला पाठवला. मिनिटभरात पहिला मेल परत आला, मग दुसरा, मग रांगच लागली. आयटीवाल्याने चार वाजताच यादी घेऊन सगळ्यांची खाती बंद केली होती. माझं तेवढं राहिलं होतं, कारण माझा लॅपटॉप अजून जमा व्हायचा होता. बावीस जणांना लिहिलेला निरोप मी एकट्यानेच वाचला, आणि सहा वाजता माझंही खातं गेलं. मसुद्याची प्रतसुद्धा उरली नाही.

एकटा माणूस नोकरी सोडतो तेव्हा असं होत नाही. तो जातो, बाकीचे जागेवर असतात, त्यांचे पत्ते चालू असतात, कुणाला कुणाचा नंबर हवा असेल तर शेजारच्या टेबलाला विचारता येतो. तुमच्याकडे टेबलंच उचलली जाणार आहेत. इथे ऑफिसचे पत्ते सगळ्यांचे एकाच संध्याकाळी मरतात, आणि कोण कुठे होतं, कुणी काय केलं हे सांगणारं त्या इमारतीत कुणी उरत नाही. ठेवून घेतलेले दोघे आहेत, पण तेही दुसऱ्या विभागात बसतील. म्हणून तुमच्या मेलकडे आभाराचं पत्र म्हणून बघू नका. टीमची हजेरी शेवटची एकदा लिहून ठेवायची आहे, तीही मरणार नाही अशा पत्त्यावर.

यासाठी मेल एक नको, दोन लागतील. तुमचा मसुदा अडतोय तो याच कारणाने. साहेबांनाही चालेल आणि टीममधल्या निवृत्त मास्तरांनाही भिडेल असं एकाच कागदावर लिहायला गेलं की 'अविस्मरणीय प्रवास' याच्यापुढे कुणीच जात नाही.

पहिला मेल कार्यालयाला. तो ऑफिसच्या खात्यावरून, इंग्रजीत, सहा-सात ओळींचा. विभागप्रमुख, तुमच्याशी रोज बोलणारे दोन-तीन कायम कर्मचारी, रेकॉर्ड रूमचे शिपाई ज्यांचा मेल असेल ते, आणि आयटीचा माणूस. पूर्ण विभागाच्या यादीवर टाकू नका. ज्यांनी तुम्हाला कधी पाहिलंही नाही त्यांना तुमचा निरोप कचराच वाटणार, शिवाय कुणीतरी 'रिप्लाय ऑल' करून 'हे कोण?' विचारणार. या मेलमध्ये आभार एका वाक्यात संपवा, नोंदबुकं आणि हस्तांतराचे कागद कुणाच्या ताब्यात दिले ते एका वाक्यात सांगा, आणि तुमचा वैयक्तिक पत्ता द्या. याखेरीज एक विनंती घाला. तिच्यासाठीच मी हा मेल २७ला पाठवायला सांगतोय.

विनंती अशी. तुमच्या करारात गोपनीयतेचं कलम असणार. जमिनीच्या, जन्म-विवाहाच्या नोंदी म्हटल्यावर ते असायलाच हवं. पण उद्या तुमच्यातला प्रत्येक जण बायोडाटात या कामाबद्दल काहीतरी लिहिणार आहे. एक लिहील 'डेटा एन्ट्री', दुसरा 'आर्काइव्हल डिजिटायझेशन स्पेशालिस्ट', तिसरा पानांचा आकडा टाकेल जो बाहेर सांगायची परवानगी आहे की नाही हे त्यालाही माहीत नाही. मग नवीन कंपनीचा पडताळणीवाला फोन करतो, आणि एकाच खोलीत बसलेल्या तिघांच्या कामाची तीन वर्णनं ऐकतो. तेव्हा साहेबांना मेलमध्येच विचारा, 'आमच्या कामाचं वर्णन खालील शब्दांत केलेलं चालेल का?' आणि खाली तुम्हीच वाक्य तयार करून द्या. सरकारी माणसाला कोरा कागद दिला तर तो फाइल करतो, लिहिलेलं वाक्य दिलं तर एखादा शब्द खोडून 'चालेल' म्हणतो. वाक्य साधारण असं ठेवा: 'ऑक्टोबर २०२४ ते एप्रिल २०२६ या काळात, एजन्सीतर्फे, पणजी येथील शासकीय कार्यालयाच्या जुन्या पोर्तुगीज नोंदबुकांचं स्कॅनिंग, सूची आणि गुणवत्ता तपासणी.' आकडा घालायचा की नाही ते त्यांना ठरवू द्या. उत्तर यायला दोन दिवस धरा. ३०ला विचारलंत तर उत्तर येईल तेव्हा वाचायला तुमचं खातं नसेल.

हे उत्तर म्हणजे अनुभवाचा दाखला नव्हे, एवढं लक्षात असू द्या. दाखला एजन्सीने तिच्या लेटरहेडवर द्यायचा असतो, पगार तिच्याकडून येत होता म्हणून. पण एजन्सीचं ऑफिस दोन वर्षांनी त्याच पत्त्यावर असेलच असं नाही. माझ्या मोजणीच्या टीममधल्या एकाला पुढे नोकरी लागताना दाखला मिळेना, कारण एजन्सीच गुंडाळली गेली होती. शेवटी नव्या कंपनीने दोन जुन्या सहकाऱ्यांशी बोलून भागवलं. त्याला आमचे नंबर कुठून मिळाले, तर एकाच्या लग्नपत्रिकेवरून! नशीब म्हणायचं दुसरं काय.

आता खरा मेल, टीमचा.

हा ऑफिसच्या खात्यावरून पाठवू नका. पंधरा बाहेरच्या पत्त्यांवर एकदम मेल गेला, त्याला नंबरांची एक्सेल जोडलेली असली, तर सरकारी किंवा एजन्सीच्या सिस्टिमला तो डेटा बाहेर नेल्यासारखा दिसतो. अडवला जातो, आणि शेवटच्या आठवड्यात तुम्हाला आयटीला खुलासा देत बसावं लागतं. तुमच्या स्वतःच्या जीमेलवरून, त्यांच्या स्वतःच्या पत्त्यांवर पाठवा. म्हणजे आठ महिन्यांनी कुणी त्यालाच 'रिप्लाय ऑल' केलं तरी ते सगळ्यांना पोचेल.

पत्ते गोळा करायला कागद फिरवा आणि त्यावर वरती स्पष्ट लिहा, 'हा पत्ता टीममधल्या सगळ्यांना दिसेल. नको असेल त्याने मला वेगळा सांगावा.' एखादी मुलगी नको म्हणेल, तिला कारण विचारू नका. तिला तोच मजकूर वेगळा पाठवा. फोन नंबर मात्र कुणाचेच मेलमध्ये टाकू नका, तुमचा सोडून. ज्याला हवा तो मागून घेईल.

कागदावर हाताने लिहिलेले पत्ते चुकतात हे तुम्हाला मी काय सांगू, तुमचं सगळं आयुष्य गेले एकोणीस महिने दुसऱ्याच्या अक्षरातच गेलंय. ओ आणि शून्य, मधला टिंब, `gmial.com`. म्हणून २४ तारखेला सगळ्यांना एका ओळीचा चाचणी मेल टाका: 'पत्ता बरोबर आहे का बघतेय, मिळाला तर ओके लिही.' चुकीचा पत्ता असेल तर बहुतेक वेळा पाच मिनिटांत परत येतो. पण परत आला नाही म्हणजे पोचला असं समजू नका, कारण चुकलेला पत्ता भलत्याच कुणाचा तरी चालू पत्ता असू शकतो. 'ओके' आलं तरच टिक करा. ज्याचं आलं नाही त्याला टेबलावर जाऊन स्पॅममध्ये बघायला सांगा. नव्या पत्त्यावरून एकदम पंधरा जणांना आलेला मेल तिथे जाऊन पडणं अगदी नेहमीचं आहे. एकदा त्याने 'स्पॅम नाही' केलं की खरा मेल सरळ येण्याची शक्यता बरीच वाढते. हे सगळं माणसं समोर आहेत तोवरच जमतं.

पत्ते 'टू'मध्ये ठेवा, 'बीसीसी'त नको. एरवी मी लोकांना बीसीसीच सांगतो, कारण अनोळखी माणसांचे पत्ते एकमेकांना दाखवायचे नसतात. पण इथे सगळे एकमेकांना ओळखतात, परवानगी घेतलेली आहे, आणि बीसीसीत गेलेल्या मेलला कुणी उत्तर दिलं तर ते फक्त तुम्हालाच येतं. बेळगावच्या मुलाने काही गंमत लिहिली तर ती कुवेतवाल्याला कधी कळणारच नाही. बाकी ठिकाणी शाप असलेलं 'रिप्लाय ऑल' या एका मेलला हवंच आहे.

विषयाच्या ओळीत 'निरोप' किंवा 'थँक यू' लिहू नका. चार वर्षांनी हा मेल शोधणारा माणूस काय टाइप करील याचा विचार करा. तो 'स्कॅनिंग' टाकील, 'पणजी' टाकील, वर्ष टाकील. तर विषय: 'पणजी स्कॅनिंग टीम, ऑक्टोबर २०२४ ते एप्रिल २०२६'. रुक्ष आहे, असू दे.

आता मजकूर. हजेरीचं बुक घेऊन बसा आणि प्रत्येक नावापुढे एकच गोष्ट लिहा, जी त्याने केली होती आणि जी दुसऱ्या कुणाला चिकटणार नाही. 'मेहनती', 'हसतमुख', 'सदैव मदतीला तत्पर' हे शब्द आले की खोडा, ते सोळा जणांना सोळा वेळा लावता येतात. क्रम हुद्द्याचा नको, नाहीतर शेवटच्या नावाला आपण शेवटचे आहोत हे मेल संपेपर्यंत बोचत राहतं. दारातून आत आलं की टेबलं ज्या ओळीने लागतात त्या ओळीने जा. वाचताना प्रत्येकाला खोली दिसेल. आणि लांबी सारखी ठेवा. लोक ओळी मोजतात. मोजत नाही म्हणतात, पण मोजतात.

तुमच्या पत्राबरोबर आलेल्या टिपणातल्या गोष्टींवरून चार जणांचं मी करून दाखवतो, नावं बदलून:

'दारापासून सुरू करते. संतोष, पावसाळ्यात काचेवर ओल धरायची तेव्हा काच पुसल्याशिवाय सकाळचं पहिलं पान घ्यायचं नाही हा नियम तू लावलास, आणि जुलैतल्या बॅच धूसर येणं थांबलं. प्रज्ञा, नोंदबुकांतून तू काढलेल्या गंजक्या टाचण्यांची बरणी अजून खिडकीत आहे. ती तुझी आहे, घेऊन जा. मास्तर, आम्ही तीन आठवडे तारखेत "७ब्रो" दिसलं की जुलै लिहीत होतो. सप्टेंबर म्हणजे मुळात सातवा महिना, म्हणून जुने लेखनिक "सेतेंब्रो" हा शब्द असा आखडून लिहायचे, हे तुम्ही सांगितलंत आणि आम्ही सगळी सूची परत उघडली. नीलेश, क्यूसीत तू माझी एक बॅच तीनदा परत पाठवलीस. तिन्ही वेळा चिकटलेलं पान खरोखर स्कॅन व्हायचं राहिलं होतं.'

मास्तरांची ओळ बघा. तिच्यात एकही विशेषण नाही. पण जुनी पोर्तुगीज कागदपत्रं हाताळलेल्या कुणालाही ती वाचून कळेल की या माणसाला काय येतं. आठ, नऊ आणि दहा यांचंही तसंच, '८ब्रो' म्हणजे ऑक्टोबर, '९ब्रो' नोव्हेंबर, आणि दहाला रोमन आकडा घालून डिसेंबर. पोर्तुगीज महिना मोजून लिहिणाऱ्याला हा सापळा ठाऊक नसला तर अख्खी सूची दोन महिन्यांनी सरकते. मास्तर निवृत्त आहेत, त्यांना बायोडाटाची गरज नाही. पण त्यांच्या हाताखाली शिकलेल्या दोघी ही ओळ पुढच्या ठिकाणी सांगू शकतील.

नीलेशच्या ओळीबद्दल तुम्ही कचराल. तुमच्या टिपणावरून त्याचं तुमच्याशी जमलं नाही असं दिसतं. अशा माणसाला दोन मार्गांनी दुखावता येतं, एक म्हणजे टोमणा मारून आणि दुसरा म्हणजे खोटं गोड लिहून. सगळ्या खोलीला भांडण माहीत असतं, त्यामुळे 'नीलेश, तुझ्यासोबत काम करणं आनंदाचं होतं' हे वाचून सगळे एकमेकांकडे बघतील. घडलं ते लिहा, आणि त्यात तो बरोबर होता एवढं राहू द्या.

एखाद्या नावापुढे पेन थांबेल. कोपऱ्यात बसून सूची भरणारी ती, जी दिवसभरात दोन वाक्यं बोलली नाही. तिच्यासाठी काहीतरी गोल लिहून पुढे सरकू नका, शेजारच्या टेबलाला विचारा. ती काय करते ते शेजाऱ्याला नक्की माहीत असतं. आणि मध्येच सोडून गेलेले दोघे, जे तुमच्या टिपणात शेवटी कंसात आलेत, त्यांनाही ओळ द्या आणि मेलही पाठवा. मागच्या पावसाळ्यापर्यंतचं निम्मं काम त्यांचं आहे.

ठेवून घेतलेल्या दोघांच्या बाबतीत उलट करा. त्यांचं पुढचं काम मेलमध्ये लिहू नका, कुवेतचंही लिहू नका. ज्याने त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायची गोष्ट ती. ज्यांना पुढचं काही नाही त्यांनी निरोपाच्या मेलमध्ये दोघांचं अभिनंदन वाचायचं, हे मला बरं दिसत नाही.

फोटो जोडणार असाल तर मोठा करून बघा. टीमच्या फोटोत मागे स्क्रीन चालू असते, टेबलावर नोंदबुक उघडं असतं, आणि हल्लीच्या फोनच्या कॅमेऱ्याने पानावरची नावं स्पष्ट वाचता येतात. दुसऱ्याच्या आजोबांच्या घराची नोंद तुमच्या निरोपातून बाहेर जायला नको. फोटो जिन्यात काढा, किंवा बाहेर मांडवीकडे तोंड करून.

'संपर्कात राहूया' हे वाक्य काढून टाका. त्याच्या जागी तारीख घाला. गोव्याबाहेर पांगलेली माणसं चवथीला घरी येतात, कुवेतवाला नाही आला तरी बेळगाव-सावंतवाडीवाले येतीलच. 'चवथ झाल्यावरच्या पहिल्या रविवारी, सकाळी अकरा, पणजी कदंबा स्टँडच्या समोर. मी असेन, कुणी आलं नाही तर चहा पिऊन परत जाईन.' एवढंच. हो-नाही कळवायला सांगू नका.

भाषेचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण येईल. टीममध्ये मराठीतून बोलणारे आहेत, कोंकणीतून बोलणारे आहेत, आणि दोघंही एकमेकांचं ऐकून हवं तिथे हवं ते वापरतात. खोलीत जसं बोलत होतात तसंच लिहा. मराठी मजकुराखाली 'देव बरें करूं' आलं तर गोव्यात कुणाला खटकत नाही. आणि सही करताना 'निरोप घेते' असं नाटकी काही नको. घरातून निघताना आपण जे म्हणतो तेच म्हणा, 'येते.'

पैशांचं. नाही, या मेलमध्ये एक अक्षरही नको. ते पाप आहे म्हणून म्हणत नाही. तिथे लिहून ते वसूल होत नाहीत म्हणून म्हणतो. हा मेल ज्यांना जातो त्यांच्यापैकी कुणाच्याच हातात पैसे देणं नाही. शिवाय मागणी एकदा निरोपात मिसळली की एजन्सीवाला म्हणतो, भावनेच्या भरात लिहिलंय. थकबाकीचा मेल प्रत्येकाने स्वतः, वेगळा, ३०च्या आत एजन्सीच्या एचआरला टाकावा. त्यात कुठल्या महिन्याचे किती, आधी कधी विचारलं होतं, आणि उत्तर कुठल्या वैयक्तिक पत्त्यावर हवं एवढंच असावं. कार्यालयाच्या ज्या अधिकाऱ्याकडे कंत्राटाची फाइल आहे त्याला सीसी ठेवावं. कंत्राटदाराने मजुरी थकवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, आणि त्या अधिकाऱ्याला हे माहीत असतं.

वैयक्तिक पत्ता एजन्सीकडे देणं थकबाकी नसलेल्यांनाही जरुरीचं आहे. ज्यांचा पगारातून कर कापला गेला त्यांचा मार्चपर्यंतच्या वर्षाचा फॉर्म १६ साधारण १५ जूनपर्यंत निघेल, म्हणजे ऑफिसचा पत्ता मेल्यावर दीड महिन्याने. एप्रिलचा पगार तर नव्या आर्थिक वर्षात पडतो, त्याचा दाखला पुढच्याच वर्षी. पीएफचं खातं असलेल्यांनी काम सोडल्याची तारीख एजन्सीने पोर्टलवर घातली का ते जुलैत बघावं. शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती तारीख आपली आपल्याला घालता येते, एजन्सीच्या मागे धावावं लागत नाही. हे टीमला सांगायचं तर त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सांगा, निरोपाचा कागद त्याने भरू नका.

राहिले दिलीपबाब आणि चहाची मावशी. टिपणात तुम्ही त्यांना 'मेल नाही' म्हणून यादीतून वगळलंय. दिलीपबाबांनी पावसात नोंदबुकांच्या पेट्या ताडपत्रीखाली आणल्या आणि एकही भिजू दिली नाही, असं तुम्हीच लिहिलंय. मावशीने तर म्हणे स्कॅनरच्या खोलीत कप न्यायचाच नाही हे मोठ्या साहेबांनाही ऐकवलं. त्या दोघांच्या ओळी बाकीच्यांइतक्याच लांबीच्या असू द्या, दारापासूनच्या क्रमात जिथे येतात तिथेच. मग मेल पाठवायच्या दिवशी त्याच्या दोन प्रती छापा, अक्षर मोठं, चौदा-पंधराच्या आसपास, आणि साध्या पाकिटात घालून २७लाच हातात द्या. मावशीला वाचता येत नसेल तर प्रज्ञाला सांगा, चहाच्या वेळी ती वाचून दाखवील. ३०ला दुपारपर्यंत मावशी भांडी घासून निघून गेलेली असेल.